साखरपुड्याचं ताट: मुलाकडच्यांसाठी

ताई, साखरपुडा बहुतेक वेळा अडतो तो साडीपाशी. गणपतिपूजन झालं की तुमच्याकडची सवाष्ण मुलीला हळदकुंकू लावून साडी देते. ती नेसून मुलगी परत पाटावर बसली की ओटी भरायची आणि मग हातात साखरेचा पुडा द्यायचा. घडीची नवी साडी तशीच दिलीत, तर ब्लाउज नाही, फॉल-पिको नाही, आणि पाहुणे तासभर ताटकळतात. म्हणून साडी तीन आठवडे आधीच मुलीकडे पाठवा. ब्लाउज शिवून झाला की ती परत आणून ताटात मांडायची. यात मानापमानाचं काही नाही.

ओटीला तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, सुपारी पुरे. नारळ सोललेला असला तरी शेंडी ठेवा.

मुलीकडचे नंतर मुलाला कपडे, नारळ आणि पेढ्यांचा पुडा देतात. अंगठ्या शेवटी. माप दोऱ्याने बोटाच्या मुळाशी घेतलं, तर अंगठी पेरावर अडकते. सराफाकडची मापाची कडी पेरावरून सरकवून बघा. खर्च कोणाचा, हे मात्र आधीच बोलून घ्या.