झायलिटॉलचा गम: पाकिटावरची यादी आणि दिवसाचा हिशेब

प्रश्न: मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. दोन दाढांत सिमेंट भरून झालं, तिसरीवर काळा डाग दिसतोय. झायलिटॉल या साखरेऐवजी वापरायच्या गोडव्याचा च्युइंग गम किंवा शुगर-फ्री गोळ्या दिल्या की कीड लागत नाही म्हणतात. कोल्हापुरात मेडिकलमध्ये दोन्ही मिळतात. द्यावं का आणि किती?

उत्तर:

गम देता येईल. पण तो ब्रश आणि फ्लोराइडच्या पेस्टला जोड म्हणून, त्यांच्या जागी नाही. आणि तिसऱ्या दाढेवरचा डाग आधी दंतवैद्याला दाखवा. तिथे खड्डा पडला असेल तर तो कोणत्याही गमने किंवा गोळीने भरत नाही. नुसती खाच काळी पडली असेल आणि दाढ शाबूत असेल तर खाच बुजवणारं सीलंट लावता येतं. अकरा-बाराव्या वर्षी मागच्या नव्या दाढा उगवतात, त्यांचंही तेव्हाच विचारून घ्या. चावण्याच्या बाजूच्या खोल खाचांचं रक्षण सीलंट जितकं करतं, तितकं गम करत नाही.

गमचा उपयोग का होतो, हे कळलं की तो कसा वापरायचा ते आपोआप कळतं. जेवण किंवा गोड चहा झाला की दातांवरच्या थरातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात. तिथला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातला चुना विरघळू लागतो. लाळ हे आम्ल धुऊन काढते, उदासीन करते आणि चुना परत आणून देते, पण तिला वेळ लागतो. काहीही चावत राहिलं की लाळेचा ओघ कित्येक पटींनी वाढतो आणि तो वेळ कमी होतो. हा झाला चावण्याचा फायदा. तो साखर नसलेल्या कोणत्याही गममधून मिळतो.

झायलिटॉलचा फायदा वेगळा आहे. कीड लावणाऱ्या जंतूंपैकी स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स त्याला साखर समजून आत ओढतो, पण त्यातून त्याला ना ऊर्जा मिळते ना आम्ल बनवता येतं. आत साठलेला पदार्थ परत बाहेर टाकण्यात त्याची शक्ती खर्च होते आणि वाढ मंदावते. सॉर्बिटॉल हा दुसरा स्वस्त गोडवा मात्र हे जंतू सावकाश का होईना पचवतात.

मग या दोन फायद्यांतला दातांना खरा उपयोगी कोणता? अभ्यास इथेच एकमेकांशी जुळत नाहीत. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात १९७० च्या दशकात पहिले मोठे प्रयोग झाले आणि झायलिटॉल घेणाऱ्यांमध्ये कीड फारच कमी दिसली. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात शाळकरी मुलांना तीन वर्षांहून जास्त काळ वेगवेगळे गम दिले गेले. तिथे शंभर टक्के झायलिटॉलचा गम सर्वांत सरस ठरला, सॉर्बिटॉलचा त्याच्या मागे राहिला, आणि साखरेच्या गमने कीड वाढवली. पण लिथुआनियातल्या तीन वर्षांच्या प्रयोगात कोणता गोडवा वापरला याने फारसा फरक पडला नाही. गम चावणाऱ्या मुलांना न चावणाऱ्यांपेक्षा कमी कीड लागली, आणि संशोधकांनी त्याचं श्रेय चावण्यालाच दिलं. पुढे २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र तपासले. फ्लोराइडच्या पेस्टमध्ये १० टक्के झायलिटॉल घातलं तर मुलांच्या पक्क्या दातांची कीड सुमारे १३ टक्क्यांनी कमी होते, असं त्यांना आढळलं. हा पुरावाही कमी दर्जाचा, एकाच देशातला आणि एकाच गटाच्या संशोधकांचा होता. गम आणि गोळ्यांबद्दल ठाम बोलण्याइतका पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणून माझं मत असं: साखर नसलेला गम जेवणानंतर नियमाने चावला तर थोडा पण खरा फायदा होतो. झायलिटॉलचा जास्तीचा फायदा संभवतो, पण तो पुरेशी मात्रा गेली तरच. आणि बाजारातला बराचसा गम ती मात्रा देत नाही.

मात्रेचा हिशेब करून पाहू. मोठ्या माणसांवरच्या एका अभ्यासात दिवसाला साधारण साडेतीन ग्रॅम झायलिटॉलने या जंतूंवर काही परिणाम दिसला नाही, सात ग्रॅमच्या आसपास दिसला, आणि दहाच्या वर नेऊनही त्यात विशेष भर पडली नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०११ मध्ये पाच वर्षांवरच्या मुलांसाठी झायलिटॉलच्या गोळ्यांची मात्रा दिवसाला ५ ते ८ ग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून, अशी सुचवली होती. तेव्हा मुलीसाठी ५ ते ६ ग्रॅम हे लक्ष्य धरू.

आता पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. समजा गमचा एक दाणा १.४ ग्रॅमचा आहे आणि पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे पॉलिऑल, म्हणजे झायलिटॉल-सॉर्बिटॉलसारखे गोडवे, ६४ ग्रॅम लिहिले आहेत. म्हणजे एका दाण्यात साधारण ०.९ ग्रॅम पॉलिऑल. यादीत गोडव्यांपैकी एकटं झायलिटॉल असेल (त्याचा क्रमांक ९६७), तर हे सगळं ०.९ ग्रॅम झायलिटॉलच. दोन दाणे तीन वेळा दिले की ५.४ ग्रॅम झाले, लक्ष्य गाठलं.

पण यादीत आधी सॉर्बिटॉल (४२०), मग आयसोमाल्ट (९५३) आणि तिसरं झायलिटॉल असेल, तर झायलिटॉल तिघांच्या बेरजेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असूच शकत नाही. म्हणजे दाण्यामागे फार तर ०.३ ग्रॅम. सहा दाण्यांत १.८ ग्रॅम. पाच ग्रॅम गाठायला रोज १७ दाणे चावावे लागतील, आणि त्यातून पोटात १५ ग्रॅम पॉलिऑल जातील. अकरा वर्षांच्या मुलीचं पोट तेवढ्याने बिघडू शकतं आणि जबडाही दुखेल. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘झायलिटॉलयुक्त’ लिहिलेलं बघून घेतलेला गम अनेकदा या दुसऱ्या प्रकारचा असतो. तो टाकून द्यायची गरज नाही. चावण्याचा फायदा त्यातून मिळतो. फक्त झायलिटॉलच्या नावाने जास्त पैसे मोजू नका आणि मात्रा गाठायला दाणे वाढवू नका.

द्यायची रीत अशी. सकाळचा नाश्ता, दुपारचा डबा आणि संध्याकाळचं खाणं यांच्यानंतर लगेच, शक्यतो पाच मिनिटांच्या आत, दोन दाणे तोंडात घालायचे. दहा ते वीस मिनिटं चावायचे आणि कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचे. चव पाच मिनिटांतच जाते, पण लाळ त्यानंतरही वाहत राहते, म्हणून चव गेली की थुंकू नये हे मुलीला नीट सांगा. शाळेत गमला बंदी असेल तर डब्यानंतर खळखळून चूळ भरू द्या, आणि गमची तिसरी वेळ रात्रीच्या जेवणानंतर ठेवा, झोपण्यापूर्वीच्या ब्रशच्या आधी. तिन्ही वेळचे दाणे एकदम दिले तर उपयोग नाही. मात्रेइतकीच वेळांची विभागणी महत्त्वाची आहे.

पहिल्या आठवड्यात दिवसाला दोनच दाण्यांनी सुरुवात करा आणि दर तीन-चार दिवसांनी दोन वाढवा. पोट फुगलं, गुडगुडलं किंवा जुलाब झाले तर एक पायरी मागे या. पॉलिऑल आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत आणि पाणी ओढून घेतात, त्यामुळे हे होतं. कानापुढे जबड्यात कटकट आवाज किंवा दुखणं सुरू झालं, तर गम बंद. दातांना तारा लावलेल्या असतील तर लावणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. घरात पाच वर्षांखालचं भावंड असेल तर त्याला गम किंवा कडक गोळी देऊ नका, घशात अडकते.

गोळ्यांबद्दल मी जास्त सावध आहे. चावणं नसल्याने लाळ कमी सुटते, म्हणजे गमचा निम्मा आधार तिथेच जातो. अमेरिकेत ६९१ प्रौढांना ३३ महिने रोज पाच ग्रॅम झायलिटॉल गोळ्यांतून दिलं गेलं. कीड फक्त १० टक्क्यांनी कमी दिसली आणि तो फरक योगायोगाचाही असू शकत होता. हिरड्या मागे सरून उघड्या पडलेल्या मुळांवरची कीड मात्र लक्षणीय कमी झाली, म्हणून आजी-आजोबांच्या बाबतीत गोळ्यांचा विचार करता येईल. मेडिकलमध्ये घशासाठी मिळणाऱ्या शुगर-फ्री गोळ्या तर बहुधा आयसोमाल्टच्या असतात. संत्र्या-लिंबाच्या चवीच्या असतील तर यादीत सायट्रिक आम्लही असतं. अशी गोळी तासन्‌तास गालात ठेवली तर कीड लागली नाही तरी कवच झिजतं. गोळीच द्यायची झाली तर झायलिटॉल पहिलं आणि आम्ल अजिबात नाही, अशीच निवडा.

हा सगळा खटाटोप फुकट जाण्याची दोन कारणं घरातच असू शकतात. एक, पेस्ट. ट्यूबवर फ्लोराइड १००० पीपीएम किंवा जास्त लिहिलंय का पाहा. अनेक आयुर्वेदिक पेस्टमध्ये ते नसतंच. दिवसातून दोनदा ब्रश, नंतर फक्त थुंकायचं, भरपूर पाण्याने चुळा भरून फ्लोराइड धुऊन टाकायचं नाही. दुसरं, गोड किती वेळा खाल्लं जातं. आपल्याकडे गुळाला निरुपद्रवी मानतात, पण गुळात बहुतांश तीच साखर आहे जी पांढऱ्या साखरेत असते. गुळाचा चहा, चपातीबरोबर काकवी, शाळेतून येताना उसाचा रस, अभ्यास करताना चॉकलेट, असं दिवसात पाच-सहा वेळा झालं तर तीन वेळच्या गमने ते भरून निघत नाही. गोड जेवणाबरोबर खाऊ द्या आणि लगेच पुढे गम. अधल्यामधल्या वेळा तोडा. सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे नवे खडूसारखे पांढरे डाग आहेत का ते तपासून घ्या. गम चालू ठेवावा की नाही, हे त्यावरून ठरवा.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधनात एकदम ३० ग्रॅम झायलिटॉल प्यायल्यावर रक्तातल्या गुठळ्या बनवणाऱ्या पेशी जास्त सक्रिय झाल्याचं दिसलं. गममधून एका वेळी जास्तीत जास्त दोन ग्रॅम जातं, तेव्हा मुलीसाठी मी त्यावरून थांबणार नाही. घरात हृदयविकाराचं कुणी असेल आणि साखरेऐवजी झायलिटॉलची पूड वापरत असेल, तर त्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलावं.

आणि पाकीट उंचावर ठेवा. घरात कुत्रं असेल किंवा मुलगी गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालत असेल, तर तिला आजच सांगा की हा गम त्यांना विष आहे. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम झायलिटॉलनेही त्याच्या रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. दहा किलोच्या कुत्र्याला वरच्या हिशेबातल्या झायलिटॉलच्या गमचा दीड दाणासुद्धा धोक्याचा. खाल्ल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न बघता पाकिटासकट जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.