एक पानी सारांश आणि पोस्टर: फ्लाय अ‍ॅश काँक्रीटचे कोणते निकाल दाखवायचे?

प्रश्न: आम्ही चौघे सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहोत. एम25 काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जागी 0, 15, 25 आणि 35% फ्लाय अ‍ॅश घालून क्यूब तपासले. सरासरी स्ट्रेंथ (एमपीए) 7 दिवसांना 23.1, 20.9, 18.2, 14.6, 28 दिवसांना 33.8, 34.1, 31.9, 27.4, 56 दिवसांना 36.2, 38.0, 37.1, 32.6 अशी आली. शिवाय स्लम्प, पाणी शोषण, एसईएमचे सहा फोटो आणि साइटचे बरेच फोटो आहेत. कॉलेजच्या तांत्रिक प्रदर्शनासाठी एक पानी सारांश आणि ए1 पोस्टर करायचंय. यातलं काय ठेवायचं? 15% ला स्ट्रेंथ वाढली, हेच मुख्य निष्कर्ष म्हणून लिहू का?

उत्तर:

15% चं ते वाक्य लिहू नका. 28 दिवसांना 33.8 आणि 34.1 यांत फरक 0.3 चा आहे. तुमच्याच वहीत एका मिक्सचे तीन क्यूब बघा, त्यांच्यात आपसात यापेक्षा कितीतरी जास्त फरक असेल. आयएस 516 सुद्धा तीन क्यूबमध्ये सरासरीच्या 15% वर-खाली चालवून घेतं. म्हणजे 34 च्या आसपासच्या सरासरीला एखादा क्यूब 30 चा निघाला तरी तो संच बाद होत नाही. अशा मोजमापात 0.3 ला ‘वाढ’ म्हटलं की जाणकार परीक्षक पहिल्याच मिनिटाला तिथे बोट ठेवतो. 56 दिवसांचा 38.0 आणि 36.2 मधला फरकही तीन क्यूबच्या जोरावर ठामपणे सांगता येणार नाही.

तुमच्या आकड्यांमधली खरी गोष्ट 25% ची आहे. सात दिवसांना ते मिक्स साध्या मिक्सपेक्षा जवळजवळ 21% मागे आहे, 28 ला साधारण 6% आणि 56 ला बरोबरीला येतं. त्याहून बोलकी जोडी अशी: 28 ते 56 दिवसांत साधं मिक्स 2.4 एमपीएने चढलं, 25% चं 5.2 ने. कारण तुम्हाला माहीत आहेच. सिमेंटच्या हायड्रेशनमधून सुटलेल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी फ्लाय अ‍ॅशमधली सिलिका सावकाश अभिक्रिया करते, म्हणून स्ट्रेंथ उशिरा येते. सारांश आणि पोस्टर, दोन्ही या एका गोष्टीभोवती बांधा.

मग मुख्य आकृती एकच उरते: आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर स्ट्रेंथ. बहुतेक जण एक्सेलमध्ये `Line` निवडतात. तो 7, 28 आणि 56 ही नुसती नावं समजून सारख्या अंतरावर ठेवतो. प्रत्यक्षात पहिलं अंतर 21 दिवसांचं आणि दुसरं 28 दिवसांचं आहे, त्यामुळे शेवटची चढण आहे त्यापेक्षा उभी दिसते. तुमचा दावा नेमका त्या चढणीबद्दलच असल्यामुळे ही चूक इथे जास्त महागात पडते. `Scatter` घ्या, रेषांनी जोडा, उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. सरासरीच्या रेषेबरोबर प्रत्येक क्यूबचा ठिपकाही दाखवा. तीन क्यूबवर स्टँडर्ड डेव्हिएशनची काठी काढण्यापेक्षा तीन ठिपके जास्त प्रामाणिक दिसतात, आणि कोणते दोन मिक्स खरोखर वेगळे आहेत ते बघणाऱ्याला आपोआप कळतं.

रेषा तीनच काढा: 0, 25 आणि 35. 15% ची रेषा 28 दिवसांच्या आसपास साध्या मिक्सवरच बसेल, ती खालच्या छोट्या तक्त्यात जाऊ द्या. 35% मात्र ‘खराब आलं’ म्हणून काढू नका. 56 दिवसांनंतरही ते 10% मागे आहे, आणि मर्यादा कुठे लागते हे तुमच्या अभ्यासात तेवढंच दाखवतं. 31.6 एमपीएवर एक तुटक आडवी रेषा ओढा. एम25 साठी मिक्स डिझाइनची लक्ष्य-सरासरी 25 + 1.65 × 4 अशी निघते. 25% चं मिक्स 28 दिवसांना 31.9 वर, म्हणजे या रेषेला जेमतेम शिवून आहे. ‘पास झालं’ असं न लिहिता ‘लक्ष्याच्या जवळ’ लिहा.

बाकीच्यातलं स्लम्प तक्त्यात एक स्तंभ म्हणून राहू द्या, पण सगळ्या मिक्समध्ये पाणी आणि एकूण बाइंडर यांचं गुणोत्तर सारखंच होतं का ते शेजारी लिहा, नाहीतर त्या स्तंभाला अर्थ नाही. पाणी शोषण या गोष्टीत बसत नाही. वही स्टॉलवर ठेवा आणि विचारलं तर दाखवा. एसईएमचे सहाही फोटो गाळले तरी चालेल. ठेवायचेच असतील तर साधं आणि 25% असे दोनच, एकाच वयाचे, एकाच मॅग्निफिकेशनचे, स्केल बार दिसेल असे. काही मायक्रॉनच्या तुकड्यावरून अख्ख्या क्यूबच्या स्ट्रेंथबद्दल फार बोलता येत नाही. मिक्सरशेजारी हेल्मेट घालून उभ्या चौघांचा फोटो आईवडिलांना पाठवा, पोस्टरवर त्याला जागा नाही.

सारांश आलेख तयार झाल्यावरच लिहायला घ्या. ‘सिमेंट उद्योगातून मोठ्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड…’ ही सुरुवात शेजारच्या चार स्टॉलवरही असेल. थेट असं काहीतरी लिहा:

“एम25 काँक्रीटमध्ये सिमेंटच्या वजनाच्या 0, 15, 25 आणि 35% जागी फ्लाय अ‍ॅश वापरून 150 मिमीच्या क्यूबची दाब-स्ट्रेंथ 7, 28 आणि 56 दिवसांना तपासली, प्रत्येक वेळी तीन क्यूब. 25% मिश्रणाची स्ट्रेंथ सात दिवसांना साध्या मिश्रणापेक्षा 21% कमी होती, 56 दिवसांना मात्र दोन्हींत उल्लेखनीय फरक उरला नाही. 35% मिश्रण 56 दिवसांनंतरही 10% मागे राहिले. सुरुवातीची स्ट्रेंथ कमी असल्याने 25% मिश्रणात फॉर्मवर्क काढण्याचा काळ वाढवावा लागेल.”

याच्या पुढे साहित्याचं एक वाक्य हवंच: सिमेंट कोणतं? तुम्ही प्रश्नात ते सांगितलेलं नाही, आणि परीक्षक हे हमखास विचारतो. ओपीसी असेल तर प्रश्न नाही. दुकानातून पीपीसी आणलं असेल तर त्यात कारखान्यातच 15 ते 35% फ्लाय अ‍ॅश मिसळलेली असते, म्हणजे तुमचं ‘0%’ मुळात शून्य नाही. मग सगळीकडे ‘पीपीसीमध्ये जादा फ्लाय अ‍ॅश’ असं लिहावं लागेल, आणि आलेखातली नावंही बदलतील. पोतं बघा, आयएस 1489 छापलेलं असेल तर पीपीसी. फॉर्मवर्कचं ते शेवटचं वाक्य गाळू नका. साइटवर काम केलेला माणूस पहिला तोच प्रश्न विचारतो.

सिमेंट वाचल्याचा आकडा द्यायचा असेल तर तुमच्याच मिक्स डिझाइनवरून काढा. घनमीटरला 380 किलो असेल तर 25% म्हणजे 95 किलो कमी. रुपये लिहू नका. फ्लाय अ‍ॅशचा दर वाहतुकीवर ठरतो आणि त्यावर वाद घालत बसावं लागतं.

पोस्टरचं शीर्षकही निकालच सांगू दे: ‘25% फ्लाय अ‍ॅश: सात दिवसांना मागे, 56 दिवसांना बरोबरीत’. आलेखाला निम्मी जागा द्या. पॉवरपॉइंटमध्ये काम सुरू करण्याआधीच `Slide Size` 59.4 × 84.1 सेंमी करा, नंतर बदललं की सगळं हलतं. मजकूर 24 पॉइंटच्या खाली नको, आणि आलेखाच्या अक्षांवरचे आकडेही त्यातच आले, तेच नेहमी बारीक राहतात. छपाईला पीडीएफ न्या, नाहीतर दुकानाच्या संगणकावर देवनागरीची जोडाक्षरं तुटतात. शक्य असेल तर कागदावर छापा. फ्लेक्सचं यंत्र लांबून बघायच्या फलकांसाठी असतं, त्यावर तक्त्यातले बारीक आकडे फुटतात.

दुकानात जाण्याआधी तीच पीडीएफ ए4 वर काढा. 24 पॉइंटचं अक्षर तिथे साधारण साडेआठ पॉइंटचं होतं. तो कागद हातभर अंतरावर धरून, प्रकल्पाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी आलेखातून काय कळतं ते विचारा. ‘हे मागून येऊन गाठतंय’ असं उत्तर आलं नाही, तर रेषांची नावं बाजूच्या चौकटीतून काढून थेट रेषांच्या टोकांशी लिहा आणि पुन्हा दाखवा.