आधी वय मोजा

"सर, मी बी.ए. झालो. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी. वय चोवीस. गावातले सगळे पोरं अभ्यासिकेत एमपीएससी करतात, बाबा म्हणतात बी.एड. कर. काय करावं, समजून नाही राहिलं."

दारव्हा तालुक्यातला हा मुलगा वडिलांना घेऊनच आला होता. कोणत्या परीक्षेचा फॉर्म भरला, असं विचारलं तर तो वडिलांकडे पाहू लागला. "तलाठ्याची जागा निघाली की भरीन म्हणते," वडीलच बोलले. तलाठी भरती 2019 मध्ये निघाली, त्यानंतर थेट 2023 मध्ये. नुसती वाट पाहण्यात अशी वर्षं जातात.

मी कागदावर वयोमर्यादा लिहायला लावल्या. तो ओबीसी. राज्याच्या बहुतेक पदांसाठी त्याला 43 वर्षांपर्यंत मुभा. ग्रामीण बँकेच्या ऑफिस असिस्टंटसाठी खुल्या गटाला 28, त्याला 31. कोणत्याही शाखेची पदवी चालते, मुलाखत नसते आणि स्थानिक भाषा यावी लागते. आयबीपीएस ही परीक्षा घेते. जे दार आधी बंद होणार, तिथे आधी जायचं, एवढाच माझा हिशोब.

"पण गणित?" खरी भीती तिथे होती. पूर्व परीक्षेत 80 प्रश्न, 45 मिनिटं. निम्मे बुद्धिमत्तेचे, निम्मे अंकगणिताचे. घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका तिथेच सोडवायला दिली. बुद्धिमत्तेत बरा निघाला. शेकडेवारी आणि सरासरीवर अडला. हे आठवी-नववीचं गणित, सरावाने सुटणारं. शिवाय तलाठी परीक्षेतही 200 पैकी 50 गुण बुद्धिमत्ता आणि अंकगणिताचे, म्हणजे मेहनत दोन्हीकडे कामी येते. मुख्य परीक्षेला मात्र बँकिंगच्या घडामोडी आणि संगणक लागतो. अभ्यासिकेतल्या एमपीएससीच्या पुस्तकांवर ते भागत नाही. भाषेच्या पेपरला इंग्रजीऐवजी हिंदी घेता येते, हे ऐकून तो जरा सैल झाला.

एक गोष्ट मी दोनदा बजावली. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमिलेअर इथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलंच लागतं. जाहिरात निघाल्यावर तहसीलला धावणारे बरेचजण शेवटी खुल्या गटातून फॉर्म भरतात.

बी.एड.ला माझा विरोध नाही. पण दोन वर्षं आणि फी घालण्याआधी वडिलांना शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी कधी कधी झाली ते दाखवलं: 2017, 2023, 2025. "म्हणजे मधात पाच वर्सं काहीच नाही?" त्यांनी विचारलं. नाही.

पहिल्या वर्षी मुलाला पूर्व परीक्षाच पार करता आली नाही, दुसऱ्या वर्षी ती पार झाली आणि मुख्य परीक्षा थोडक्यात राहिली. तिसऱ्यांदा फॉर्म भरताना त्याने बी.एड.च्या सीईटीचाही भरला. वय अजून सव्वीसच आहे, मी अडवलं नाही.