रोमिंगचे बिल: कोणती सूचना कायद्यात मोजली जाते

प्रश्न : वकीलसाहेब, मी राजेंद्रनगर, इंदूर येथे राहतो आणि पिथमपूरच्या कारखान्यात नोकरी करतो. सप्टेंबरमध्ये कामासाठी जर्मनीला गेलो होतो. निघण्याआधी फोनमध्ये २ जीबीची डेटा वॉर्निंग लावली, व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलचा बॅकग्राऊंड डेटा बंद केला. रोमिंग चालू करून घेतले, पण पॅक घेतला नाही. तीन दिवसांत ७५ एमबी वापर दाखवून पोस्टपेड बिलात ३८,४०० रुपये लावले. दर १० केबीला ५ रुपये. माझी क्रेडिट लिमिट ५,००० आहे. कंपनीचा सावध करणारा एसएमएस तिसऱ्या दिवशी रात्री आला. फोनवर दोनदा तक्रार केली, २० दिवसांपूर्वी ‘तक्रार बंद’ असा एसएमएस आला. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे आहे. बिल भरू का? आणि या वेळी फोनमध्ये काय करू?

उत्तर : आधी तारखेचे बोलतो, कारण बाकी सगळे नंतरही करता येईल. कंपनीने तक्रार बंद केल्यापासून ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील करायचे असते. त्यातले २० दिवस तुम्ही घालवले आहेत. उशीर माफ करण्याची थोडी सोय नियमांत आहे, पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते आणि ‘कामात होतो’ हे कारण टिकत नाही. तेव्हा या आठवड्यातच अपील करा. फी लागत नाही. अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा ईमेलने जातो, आणि त्यात तक्रार क्रमांक घालावाच लागतो. तो ‘तक्रार बंद’च्या एसएमएसमध्ये असेल. नसेल तर १९८ वर फोन करून आजच लिहून घ्या. अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो.

आता अपिलात काय लिहायचे. तुमचा सगळा भर फोनमधल्या वॉर्निंगवर आहे, पण कायद्याच्या दृष्टीने ती तुमची खासगी नोंद आहे. कंपनीवर तिचे काहीच बंधन नाही. शिवाय ती २ जीबीची होती. तुमच्या बिलावरचा दर पाहा : १० केबीला ५ रुपये, म्हणजे एका एमबीला ५१२ रुपये. या दराने २ जीबीचे १०,४८,५७६ रुपये होतात. बिल दहा लाखांच्या पुढे गेल्यावर वाजणारी घंटा तुम्ही लावली होती. ७५ एमबी म्हणजे २ जीबीच्या ४ टक्क्यांहूनही कमी, तेव्हा ती वाजण्याचा प्रश्नच नव्हता. घरच्या वापराचा आकडा परदेशात नेल्यामुळे हे झाले, आणि असे करून माझ्याकडे येणारे तुम्ही पहिले नाही.

तुमच्या हातात खरा मुद्दा आहे तो क्रेडिट लिमिटचा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २००५ च्या निर्देशानुसार कंपनीने पोस्टपेड ग्राहकाला त्याची क्रेडिट लिमिट सांगायची असते आणि वापर त्या मर्यादेच्या ८० टक्क्यांवर पोहोचला की कळवायचे असते. ५,००० चे ८० टक्के ४,०००. तुमच्या दराने ४,००० रुपये ८ एमबीच्या आतच होतात. म्हणजे सूचना पहिल्या ८ एमबीला यायला हवी होती. ती आली तिसऱ्या रात्री.

म्हणून कंपनीकडे तपशीलवार बिल मागा, प्रत्येक डेटा सत्राची तारीख आणि वेळ असलेले. त्यातून एकच गोष्ट काढायची : एकूण वापर ८ एमबीवर कोणत्या दिवशी, किती वाजता गेला. समजा पहिल्या दिवशी ९ एमबी, दुसऱ्या दिवशी ३१ आणि तिसऱ्या दिवशी ३५ एमबी झाले असतील, तर पहिल्याच दिवशी ४,६०८ रुपये झाले. सूचना त्या दिवशी आली असती तर उरलेले ६६ एमबी, म्हणजे ३३,७९२ रुपये, टळू शकले असते. हा हिशेब अपिलात जसाच्या तसा मांडा. बिलातल्या वेळा भारतीय प्रमाणवेळेच्या आहेत की जर्मनीच्या, हेही विचारा. सप्टेंबरमध्ये दोन्हींत साडेतीन तासांचे अंतर असते आणि दिवस बदलतात.

कंपनी म्हणेल, परदेशातल्या नेटवर्ककडून नोंदी उशिरा येतात. कॉलच्या बाबतीत यात तथ्य आहे. डेटाचे तसे नाही. रोमिंगमधला इंटरनेट सहसा परदेशी टॉवरवरून भारतातल्या तुमच्या कंपनीच्या गेटवेवर येतो आणि तिथून पुढे जातो. प्रीपेड ग्राहकाची शिल्लक संपली की त्याचा डेटा परदेशातही थांबतो, तो याच गेटवेमुळे. मग पोस्टपेडची मोजणी त्याच वेळी होत नव्हती, असे का? हा प्रश्न अपिलात लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच मागा. तुमचा डेटा प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने गेला हे कंपनीच्या नोंदीच सांगतील. कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षे जपाव्या लागतात, तेव्हा ‘नोंद उपलब्ध नाही’ हे उत्तर मान्य करू नका.

एक सावधगिरी. ‘फोनने आपोआप डेटा खाल्ला’ असे अपिलात लिहू नका. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपचा वापर फोरग्राउंड आणि बॅकग्राउंड असा वेगळा दिसतो. आधी तो पाहा. फोरग्राउंडचा आकडा मोठा असेल तर अ‍ॅप तुम्हीच उघडून वापरले होते, आणि तो मुद्दा उलटेल. सप्टेंबरच्या त्या पडद्याचे स्क्रीनशॉट मात्र आजच घेऊन ठेवा. जुने महिने फोन कायम ठेवत नाही.

बिल पूर्ण थकवू नका, सेवा बंद होईल. वादात नसलेली रक्कम, म्हणजे नेहमीचा प्लॅन आणि ५,००० पर्यंतचा रोमिंग आकार, भरा आणि ‘उरलेल्या रकमेवर हरकत राखून’ असा ईमेल पाठवा. तरी कंपनी कनेक्शन तोडणार नाही, याची हमी मी देत नाही.

अपील फेटाळले तर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते, कारण तुम्ही तिथे राहता. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असे जुने उत्तर अजूनही काही ठिकाणी ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी तो वाद निकाली काढला, त्या चालतात. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला फी नाही, अर्ज हिंदीत चालतो, मुदत दोन वर्षांची. सेवा तोडू नये म्हणून अंतरिम आदेश मागता येतो. कायदा निकालाला तीन महिने म्हणतो. आयोगांत तारखांवर तारखा पडतात, त्यामुळे तीन महिन्यांत निकाल येईल असे धरून चालू नका, आणि म्हणूनच अपील नीट लिहा. रक्कम पूर्ण माफ होईल की अंशतः, हे आज सांगता येणार नाही. रोमिंग तुम्हीच मागितले होते, हा तुमच्या विरुद्धचा भाग आहेच. आणि सिम कारखान्याच्या नावावर असेल तर गोष्टच वेगळी. व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा ग्राहक ठरत नाही, आणि तक्रारदारही कारखानाच असायला हवा. हे तुम्ही लिहिलेले नाही, बिलावरचे नाव पाहा.

आता पुढचा प्रवास. पॅक घ्या. घेताना तीन गोष्टी वाचा : देशाचे नाव यादीत आहे का, मुदत खरेदीपासून मोजतात की तिथल्या पहिल्या वापरापासून, आणि पॅक संपल्यावर डेटा थांबतो की साध्या दराने चालू राहतो. तिसरे सर्वांत महत्त्वाचे. त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. विमानातले मोबाईल नेटवर्क वेगळे असते आणि देशाच्या पॅकमध्ये ते सहसा धरलेले नसते, म्हणून उतरेपर्यंत फ्लाइट मोड काढू नका.

फोनमध्ये वॉर्निंग आणि लिमिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॉर्निंग फक्त कळवते, लिमिट मोबाईल डेटा बंद करते. तुम्ही पहिलीच लावली होती. अँड्रॉइडमध्ये Settings मध्ये Network & internet, मग SIMs, आपले सिम आणि Data warning & limit असे जा. काही फोनांत नावे थोडी वेगळी असतात. आधी Mobile data usage cycle मध्ये निघण्याची तारीख घाला. नाहीतर घरी वापरलेला डेटाही त्याच मोजणीत येतो, आकडा घरीच ओलांडतो, आणि माणूस सूचना बाजूला सारतो. मग Set data limit चालू करून पॅकपेक्षा थोडा कमी आकडा द्या : पॅक १ जीबीचा असेल तर ८०० एमबी, वॉर्निंग ५०० वर. फोनची आणि कंपनीची मोजणी तंतोतंत जुळत नाही, आणि बिल कंपनीच्या मोजणीवर निघते, म्हणून ही जागा सोडायची. पॅक रोजच्या हिशेबाचा असेल तर ही लिमिट तशी उपयोगी नाही, ती महिन्याच्या चक्रावर चालते.

बॅकग्राऊंड डेटा तुम्ही दोन अ‍ॅपचा बंद केला होता. फोटोंचा बॅकअप, अ‍ॅप अपडेट, नकाशे, बातम्या सगळे मोकळेच होते. एकेक अ‍ॅप शोधण्यापेक्षा Data Saver चालू करा आणि Unrestricted data च्या यादीत फक्त बँकेचे आणि कामाचे अ‍ॅप ठेवा. Data Saver पार्श्वभूमीतला वापर रोखतो, पण तुम्ही उघडलेले अ‍ॅप डेटा घेणारच. व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हिडिओ कॉल तो थांबवत नाही.

आयफोनमध्ये अशी लिमिट नाही. Data Roaming बंद ठेवा, लागेल तेव्हाच चालू करा. Current Period Roaming चा आकडा आपोआप शून्य होत नाही, म्हणून निघताना खालचे Reset Statistics दाबा. फोन कोणताही असो, तिथले स्थानिक सिम किंवा ई-सिम घेतले तर भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंदच ठेवा. दोन सिममध्ये डेटा आपोआप बदलण्याची सोय चालू असेल, तर एक सिम क्षीण झाल्यावर फोन दुसऱ्यावर जातो. ओटीपीचे एसएमएस डेटा रोमिंगशिवायही येतात, त्यासाठी फक्त रोमिंग सेवा चालू लागते.

निघण्यापूर्वी अपील पाठवल्याची पोच आणि तक्रार क्रमांक ईमेलमध्ये ठेवा. प्रवासाच्या काळात ३९ दिवस पूर्ण होतील, तेव्हा निर्णय आला की नाही हे तिथूनच पाहावे लागेल.