लाईट झपकली की पॅनल पडतं: यूपीएस की बफर, आणि उन्हात बॅटरी का मरते

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत चटईचं युनिट आहे. लाईट अर्धा सेकंद झपकली तरी एक्स्ट्रूडरचं पॅनल पडतं. पीएलसीला ६०० व्हीएचा कॉम्प्युटरवाला यूपीएस लावला, तरी फरक नाही. वर त्याची बॅटरी सव्वा वर्षात फुगली. मोठा यूपीएस घेऊ का?

उत्तर:

थांबा भाऊ, पैसे घालण्याआधी पॅनलमध्ये नेमकं कोण पडतंय ते बघा. पुढच्या वेळी मशीन थांबलं की रीसेट दाबायच्या आधी स्क्रीनवर नजर टाका. स्क्रीन नव्याने सुरू होत असेल तर २४ व्होल्टचा एसएमपीएस पडला. ड्राइव्हवर अंडरव्होल्टेज दिसत असेल तर ड्राइव्ह पडला. स्क्रीन जशीच्या तशी आहे, पीएलसी रनमध्ये आहे आणि फक्त मोटरच्या फीडबॅकचा अलार्म आहे, तर कॉन्टॅक्टर सुटला. पीएलसी यूपीएसवर असूनही फरक पडला नाही म्हणता, म्हणून माझा पहिला संशय कॉन्टॅक्टरवरच आहे.

झपका म्हणजे बहुतेक वेळा लाईट जाणं नसतंच. मृगाआधीच्या वादळात त्याच सबस्टेशनच्या दुसऱ्या फीडरवर फांदी टेकते, आणि तिथला ब्रेकर उडेपर्यंत तुमच्याकडचं व्होल्टेज खाली बसतं. हे साधारण ०.१ ते ०.५ सेकंद चालतं. एसएमपीएस ८५ ते २६४ व्होल्टचा असेल तर २३० चे १३० झाले तरी त्याला काही होत नाही. पूर्ण लाईट गेली तरी फुल लोडवर तो २० मिलिसेकंदांच्या आसपास टिकतो. पण २३० व्होल्ट एसी कॉइलचा कॉन्टॅक्टर व्होल्टेज निम्म्याच्या आसपास आलं की एक-दोन सायकलमध्ये, म्हणजे २० ते ४० मिलिसेकंदांत हात सोडतो. पॅनलमधला सगळ्यात कच्चा दुवा तोच.

मग कॉन्टॅक्टरच्या कॉइल यूपीएसवर का घेऊ नयेत? एसी कॉइल ओढताना धरून ठेवण्याच्या सहा ते दहा पट व्हीए खाते. सहा कॉन्टॅक्टर एकदम ओढले की लहान यूपीएस ओव्हरलोडवर जातो. शिवाय स्वस्त यूपीएसचं आउटपुट बॅटरीवर पायऱ्यांसारखं निघतं, त्यावर कॉइल गुणगुणते आणि तापते. एसीच द्यायचं असेल तर साइन वेव्हचा ऑनलाइन यूपीएस लागतो, आणि मग त्याची बॅटरी, त्याचा पंखा, त्याचा उन्हाळा हे सगळं आयुष्यभर सांभाळायचं. एवढ्याशा झपक्यासाठी मला हे पटत नाही.

त्यापेक्षा २४ व्होल्ट डीसी कॉइलचे कॉन्टॅक्टर बसवा, शक्यतो इलेक्ट्रॉनिक कॉइलवाले, म्हणजे करंट कमी लागतो. बऱ्याच मॉडेलमध्ये नुसती कॉइल बदलता येत नाही, अख्खा कॉन्टॅक्टर बदलावा लागतो, ते आधी विचारून घ्या. मग पीएलसी, स्क्रीन, सेन्सर आणि कॉइल हे सगळं एकाच २४ व्होल्टवर येतं आणि फक्त ते २४ व्होल्ट सांभाळलं की झालं. समजा सगळं मिळून ४ अँपिअर लागतात, म्हणजे ९६ वॅट. एक सेकंद टिकायला ९६ ज्यूल हवेत.

इथे पॅनलवाला म्हणेल, ‘एक मोठा कपॅसिटर टाकून देतो.’ हिशोब करून बघा. २४ पासून २०.४ व्होल्टपर्यंत उतरताना १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर फक्त ०.८ ज्यूल देतो, म्हणजे जेमतेम ८ मिलिसेकंद. एका सेकंदाला १.२ फॅरड लागेल, आणि तेवढा कपॅसिटर थेट जोडला तर सुरू होतानाच एसएमपीएस बसेल. म्हणून तयार बफर मॉड्यूल घ्या. ते आत जास्त व्होल्टेजवर ऊर्जा साठवतं आणि बाहेर २४ च्या आसपास स्थिर देतं. २० अँपिअरला ०.२ सेकंद असं लिहिलेलं मॉड्यूल ४ अँपिअरला साधारण एक सेकंद देतं. त्यात बॅटरी नसते, त्यामुळे तिची देखभालही नाही.

आता दोन जागा जिथे हे करूनही मशीन थांबतं. पहिली, फेज फेल्युअर रिले. त्याचा कॉन्टॅक्ट स्टॉप सर्किटमध्ये असतो, आणि त्याचा डिले शून्यावर असेल तर झपक्याला तोच सगळं सोडवतो. डिले एक सेकंदाच्या आसपास ठेवा. दुसरी, इंटरलॉकमध्ये कुठेतरी लपलेला २३० व्होल्टचा छोटा रिले. ड्रॉइंगवर तो दिसला नाही तरी दार उघडून शोधा.

कॉन्टॅक्टर एक सेकंदापेक्षा जास्त धरून ठेवू नका. तोवर मोटर मंदावते, आणि लाईट परत आली की सगळ्या मोटरी एकदम झटका ओढतात. स्टार-डेल्टावाली तर थेट डेल्टात परत येते. म्हणून पुरवठा एक सेकंदात आला नाही तर पीएलसीने कॉन्टॅक्टर सोडायचे आणि पुन्हा सुरू करणं माणसाच्या हाती ठेवायचं. इमर्जन्सी स्टॉपचा कॉन्टॅक्ट बफरच्या पुढे, कॉइलच्या बाजूला असू द्या, नाहीतर बटण दाबल्यावरही बफर कॉइल धरून बसेल. बदल झाल्यावर मोटरी बंद ठेवून कंट्रोलचा एमसीबी पाडा आणि पीएलसी किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून मोजा.

ड्राइव्ह पडत असेल तर अंडरव्होल्टेजनंतरचा ऑटो रीस्टार्ट आणि फिरत्या मोटरला पकडण्याचं सेटिंग बघा. पण आधी गार्ड आणि माणसांचा विचार करा. एक्स्ट्रूडर थांबून पुढचा खेचणारा रोलर चालू राहिला तर माल तुटतो, तेव्हा दोन्ही एकत्रच थांबायला आणि सुटायला हवेत.

बॅटरी लागते ती जनरेटर येईपर्यंत स्क्रीन आणि पीएलसी काही मिनिटं जागे ठेवायचे असतील तर. त्यासाठी २४ व्होल्टचा डीसी यूपीएस आणि १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. ४ अँपिअरवर नवीन जोडी साधारण तासभर चालते.

तुमची बॅटरी फुगली ती उष्णतेने. पाच वर्षांची म्हणून विकलेली सीलबंद बॅटरी २५ अंशांना पाच वर्षं टिकते. दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं, म्हणजे ४५ अंशांना सव्वा वर्ष. पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात, ड्राइव्हच्या वर ठेवलेली बॅटरी याहून गरम असते. त्यात चार्जर तापमान बघत नसेल तर घात वाढतो. २५ अंशांना १३.६ व्होल्ट योग्य असतील तर ४५ ला १३.२ च्या आसपास हवेत. तरी १३.६ देत राहिलं की आतलं पाणी उडतं, बॅटरी आणखी तापते आणि फुगते. म्हणून तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलणारा चार्जर घ्या, आणि बॅटरी पॅनलबाहेर, खाली, सावलीत ठेवा. वायरचा फ्यूज बॅटरीजवळच असावा.

दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. शनिवारी संध्याकाळी मेन स्विच पाडता, यूपीएसला वाटतं लाईट गेली, आणि तो पीएलसीला बॅटरी संपेपर्यंत पोसतो. असं दर आठवड्याला झालं की वर्षात पन्नासवर पूर्ण डिस्चार्ज होतात. डीसी यूपीएसवर बफर वेळेची मर्यादा असते, ती पाच-दहा मिनिटांवर लावा. रिमोट बंदचं टर्मिनल असेल तर मेन स्विचचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट त्याला जोडा.

दर सहा महिन्यांनी, एकदा मे महिन्याच्या आधी, मशीन बंद असताना बफर वेळेची मर्यादा तेवढ्यापुरती काढून यूपीएसचं इनपुट पाडा. पाच मिनिटांनी दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, किंवा जोडी अर्धा तासही टिकत नसेल, तर दोन्ही एकत्र बदला. जुनीसोबत नवी जोडली की जुनी आधी रिकामी होते, चार्जिंगला व्होल्टेजची वाटणी बिघडते आणि नवीही लवकर जाते. घेताना बॅटरीवरची तारीख वाचा. दुकानात उन्हाळाभर चार्ज न करता पडून राहिलेली बॅटरी नवी नसते.