उत्तर आफ्रिका आणि इजिप्तवर राज्य करणाऱ्या फातिमी खलिफांनी धर्मप्रचारकांच्या जोरावर राज्य मिळवलं म्हणतात. सैन्य नसताना हे नेमकं कसं जमलं?

सैन्य होतं, पण ते एका प्रचारकाने उभं केलं होतं, तेही राजाचा पत्ता न सांगता. त्याचं नाव अबू अब्दुल्ला, मूळचा इराककडचा. या प्रचारकांना 'दाई' म्हणत आणि त्यांच्या कामाला 'दावत'. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते इमाम, म्हणजे शियांच्या इस्माइली शाखेचे धर्मप्रमुख, तेव्हा सीरियातल्या सलमिया गावात ओळख लपवून राहत होते. सुन्नी अब्बासी खलिफांच्या हाती लागले असते तर सगळंच संपलं असतं.

अबू अब्दुल्लाचं शिक्षण येमेनमधल्या दाईकडे झालं. हजच्या काळात मक्केत त्याची गाठ कुतामा या बर्बर टोळीच्या यात्रेकरूंशी पडली आणि 893 मध्ये तो त्यांच्याबरोबर आजच्या अल्जीरियाच्या पूर्वेकडच्या डोंगरात पोचला. ही निवड फार विचाराची होती असं मला वाटतं. तिथल्या अघलबी अमिरांचा अंमल या डोंगरात नावापुरताच होता, आणि लोक लढवय्ये पण आपसांत भांडणारे. इकजान इथे राहून तो शिकवत असे. दीक्षा घेणाऱ्याला इमामाशी निष्ठेची आणि गुप्ततेची शपथ घ्यावी लागे. शिकवण टप्प्याटप्प्याने उलगडे, त्यामुळे नव्या माणसाकडून सगळं फुटण्याची भीती कमी. टोळीची भांडणं मागे पडून सगळे 'भाऊ' झाले. लढाईतली लूट न पाहिलेल्या इमामाच्या नावाने राखून ठेवली जाई. विश्वास किती खोल गेला होता, ते इथे दिसतं.

909 च्या मार्चमध्ये अघलबींची राजधानी रक्कादा पडली. सलमिया सोडून निघालेले इमाम, त्यांचं नाव अब्दुल्ला, तेव्हा दूर मोरोक्कोतल्या सिजिलमासात अडकलेले होते. अबू अब्दुल्ला फौज घेऊन तिथवर गेला, त्यांना सोडवून आणलं, आणि 910 च्या जानेवारीत ते 'महदी', म्हणजे वाट पाहिला जाणारा तारणहार, म्हणून पहिले फातिमी खलिफा झाले.

या पद्धतीतला धोकाही इथेच होता. लोकांची निष्ठा आधी समोरच्या दाईवर बसते, इमाम फक्त ऐकलेले असतात. 911 मध्ये महदींनी कटाच्या संशयावरून अबू अब्दुल्लाला मारवलं. काही कुतामा चिडून उठले आणि त्यांनी एका मुलालाच महदी ठरवलं. ते बंड मोडलं गेलं. इराकमधली फूट तर त्याहून जुनी: 899 च्या सुमारास अब्दुल्लांनी स्वतःला इमाम म्हटल्यावर तिथला प्रमुख दाई हमदान करमत वेगळा झाला होता.

969 मध्ये इजिप्त जिंकल्यावर कैरोत दावतीचं रीतसर खातं झालं, प्रमुख दाई नेमले गेले, दीक्षितांसाठी व्याख्यानं सुरू झाली. तरीही इजिप्तची बहुसंख्य जनता सुन्नीच राहिली. दावत जास्त रुजली ती राज्याबाहेर, येमेनमध्ये आणि तिथून गुजरातेत. 1130 नंतर येमेनच्या राणी अरवाने तिथली दावत कैरोपासून वेगळी केली, म्हणून 1171 मध्ये फातिमी राज्य बुडालं तरी ती टिकली. मुंबईतले दाऊदी बोहरा याच परंपरेतले. त्यांच्या धर्मप्रमुखाला आजही दाईच म्हणतात, आणि वयात येणारी मुलं निष्ठेची शपथ, म्हणजे मिसाक, घेतात.