घोरण्यासाठी जबड्याची पट्टी: आधी तोंड तपासून घ्या

दादा, घोरण्यासाठी जबड्याची पट्टी चालेल का, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या झोपेच्या तपासणीच्या रिपोर्टात तासाला ११ वेळा श्वास अडकतो किंवा मंदावतो, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार सौम्य आहे. अशांना पट्टीचा चांगला उपयोग होतो. झोपताना दातांवर बसवायची ही पट्टी खालचा जबडा थोडा पुढे धरते, त्याबरोबर जीभही पुढे येते आणि घशातली वाट मोकळी राहते.

पण तुम्ही सुपारी खाता असं लिहिलंय, म्हणून आधी तोंड पूर्ण उघडतं का ते बघा. आपल्याकडे श्रीवर्धनपासून सावंतवाडीपर्यंत सुपारी घरोघरी. तिने गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड पुरतं उघडत नाही, मग पट्टी नीट बसत नाही. तिखट झोंबत असेल तर डेंटिस्टला आधी तेच दाखवा.

यांनी पट्टी टाळावी:
- दात हलणारे, हिरड्या सुजलेल्या, किंवा कवळीवाले. पट्टीला धरायला पक्के दात लागतात.
- कानापुढचा जबड्याचा सांधा दुखणारे.
- मेंदूकडूनच श्वासाचा इशारा चुकतो असे रुग्ण. त्यांची घशातली वाट बंदच नसते.

नवखे ऑनलाइन तयार पट्टी मागवतात आणि पहिल्याच रात्री जबडा पूर्ण पुढे ओढतात. दाताचं माप देऊन बनवून घ्या. जबडा जेवढा पुढे जातो त्याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात करा, मग डॉक्टर सांगतील तसं दर काही दिवसांनी पाव-अर्धा मिलिमीटर सरकवा. सकाळी दाढा तासभर जुळत नाहीत, ते चालतं. दुपारपर्यंत जुळल्या नाहीत तर दाखवा.

घोरणं थांबलं तरी श्वास अडकत राहू शकतो. म्हणून पट्टी बसल्यावर ती घालूनच झोपेची तपासणी पुन्हा करा.